अठ्ठावन्न बरोबर, मग टक्के एक्कावन्नच कसे?

राज्यसेवा पूर्वपरीक्षेची पहिली उत्तरतालिका आली, त्या संध्याकाळी मूर्तिजापूरजवळच्या एका गावातून माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याची मुलगी अमरावतीला खोली करून राहते आणि अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करते. भावाचा प्रश्न सरळ होता. "अठ्ठावन बरोबर आले म्हन्ते पोरगी. शंभरातले अठ्ठावन म्हंजे अठ्ठावन टक्केच ना? मंग एक्कावन काहून सांगून रायली?"

शाळेत आपण सगळे जे टक्के शिकलो त्या हिशेबाने त्याचं बरोबरच होतं. शाळेच्या पेपरात चुकलेल्या उत्तराला शून्य मिळतं आणि सोडलेल्या प्रश्नालाही शून्यच. नकारात्मक गुणदान असलेल्या परीक्षेत मात्र हे दोन शून्य एकसारखे राहत नाहीत. फरक तिथे सुरू होतो.

१. भरलेली गाडी आणि निव्वळ वजन

भावाला मी कापसाचं उदाहरण दिलं. कापसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा जो आकडा दिसतो तो भरलेल्या गाडीचा असतो. माल उतरवल्यावर रिकामी गाडी पुन्हा काट्यावर जाते. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की निव्वळ वजन निघतं आणि पैसे त्या निव्वळ वजनाचे मिळतात. भरलेल्या गाडीचा आकडा खोटा नसतो, पण त्यावर पट्टी बनत नाही.

मुलीचे अठ्ठावन्न हा भरलेल्या गाडीचा आकडा. चुकलेल्या उत्तरांचं वजन त्यातून उतरलेलं नाही. ते उतरवलं की उरतात ते निव्वळ गुण.

किती उतरवायचं हे प्रत्येक परीक्षेच्या नियमात लिहिलेलं असतं. एमपीएससी सध्या प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापते. पूर्वी हा हिस्सा एक तृतीयांश होता. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत तो आजही एक तृतीयांश आहे. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण जातो, म्हणजे तिथेही चौथा हिस्साच. एमएचटी-सीईटीत मात्र काहीच कापत नाहीत. म्हणून हिशेब मांडण्याआधी त्याच वर्षाच्या जाहिरातीतला किंवा प्रश्नपुस्तिकेच्या पहिल्या पानावरचा नियम वाचावा. मोठ्या भावाने चार वर्षांपूर्वी सांगितलेला नियम आज चालेलच असं नाही.

२. आधी मोजणी, मग गणित

परीक्षेनंतर मुलांच्या हाती ओएमआर उत्तरपत्रिकेची प्रत असते. ती उत्तरतालिकेशी ताडून पाहायची आणि तीन ढीग करायचे: बरोबर, चूक आणि सोडलेले. या मुलीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात १०० प्रश्न होते, प्रत्येकी २ गुण, एकूण २०० गुण. तिचे ढीग असे पडले: ५८ बरोबर, २८ चूक, १४ सोडलेले. तिन्हींची बेरीज १०० येते. ही बेरीज आली नाही तर पुढे जाऊ नये, मोजणी परत करावी. एकाच प्रश्नात दोन गोल काळे झाले असतील तर तो प्रश्न सोडलेल्या ढिगात जात नाही, चुकीच्या ढिगात जातो. पुष्कळ मुलांचा घरचा हिशेब आणि आयोगाचा हिशेब यांत अर्धा-एक गुणाचा फरक पडतो तो अशा जागी.

मोजणीतली आणखी एक चूक मी वारंवार पाहिली आहे आणि तिने मुलं रात्रभर रडतात. प्रश्नपुस्तिका ए, बी, सी, डी अशा संचांत येते. प्रश्न तेच, पण क्रम वेगळा. हातातला संच बी आणि उत्तरतालिका ए संचाची असं झालं तर काय होईल? बहुतेक उत्तरं चुकीची दिसतील, पण सगळी नाही. चार पर्याय असल्यामुळे चारातलं एक उत्तर योगायोगाने जुळतंच. म्हणजे नेहमी साठाच्या आसपास बरोबर येणाऱ्या मुलाचे अचानक पंचवीसेक बरोबर दिसले, तर आधी संच तपासावा. मूल मूर्ख ठरलेलं नसतं, तालिका दुसऱ्याच संचाची असते.

ढीग पक्के झाले की गणित दोन ओळींचं आहे.

बरोबर उत्तरांचे गुण: ५८ × २ = ११६
कपात: २८ × ०.५ = १४

निव्वळ गुण ११६ − १४ = १०२. दोनशेपैकी १०२ म्हणजे ५१ टक्के. मुलगी बरोबर सांगत होती.

३. एकाच पेपरचे तीन टक्के

गोंधळ वजाबाकीत होत नाही, तो भागाकारात होतो. त्याच मुलीच्या मैत्रिणीने तिला सांगितलं होतं की तुझे ६७ टक्के आहेत. तीही खोटं बोलत नव्हती. तिने ५८ ला ८६ ने भागलं होतं, म्हणजे सोडवलेल्या प्रश्नांनी. उत्तर येतं ६७.४४. हा आकडा एवढंच सांगतो की जिथे हात घातला तिथे किती वेळा नेम लागला. त्याला अचूकता म्हणावं. सरावात तो फार उपयोगी आहे, पण कोणताही निकाल त्यावर लागत नाही.

वडिलांचे ५८ टक्के म्हणजे १०० प्रश्नांतले बरोबर किती. आणि ५१ टक्के म्हणजे पूर्ण पेपरच्या गुणांतून निव्वळ किती. तीन आकडे, तीन वेगळे प्रश्न. निकालाचा प्रश्न तिसरा आहे आणि त्यात भागायचं ते नेहमी पूर्ण पेपरच्या गुणांनी. सोडलेले १४ प्रश्न वरच्या ओळीत काही कापत नाहीत, पण खालच्या दोनशेत ते बसलेलेच असतात.

आता एक सोय सांगतो, जी कळली की कागदाचीही गरज उरत नाही. कपात जर प्रश्नाच्या गुणांचा ठरावीक हिस्सा असेल, तर प्रश्न किती गुणांचा आहे याने टक्केवारीत काहीच फरक पडत नाही. चौथा हिस्सा कापला जातो म्हणजे चार चुका मिळून एक बरोबर उत्तर खातात. २८ चुकांनी ७ बरोबर उत्तरं खाल्ली. ५८ मधून ७ गेले, ५१ उरले. शंभर प्रश्नांत ५१, म्हणजे ५१ टक्के. गुण २ असोत की ४, उत्तर हेच.

निव्वळ टक्के = (बरोबर − चूक ÷ ४) ÷ एकूण प्रश्न × १००

हीच उत्तरं यूपीएससीच्या नियमाने तपासली असती तर तीन चुकांनी एक बरोबर खाल्लं असतं. २८ चुकांनी ९.३३ उत्तरं गेली असती, ४८.६७ उरली असती. पेपर तोच, उत्तरं तीच, नियम बदलला की सव्वादोन टक्क्यांहून अधिक फरक.

एक अडचण मात्र लक्षात ठेवावी. अंतिम उत्तरतालिकेत काही प्रश्न रद्द होतात. समजा दोन प्रश्न रद्द झाले आणि त्यांतला एक तिचा बरोबर होता, एक चूक. आता तिचे ५७ बरोबर, २७ चूक. काही परीक्षांत रद्द प्रश्न हिशेबातूनच काढतात. मग ५७ − ६.७५ = ५०.२५ हे ९८ ने भागायचे, ५१.२८ टक्के येतात. काही परीक्षांत रद्द प्रश्नाचे गुण सगळ्यांना वाटतात. मग ५९ − ६.७५ = ५२.२५ हे शंभरातले, म्हणजे ५२.२५ टक्के. कोणती पद्धत लागू आहे हे त्या परीक्षेच्या सूचनेत पाहिल्याशिवाय दशांशाच्या पुढचे आकडे कुणाला सांगू नयेत.

४. सहासष्टचा उंबरठा

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, ज्याला मुलं सी-सॅट म्हणतात, तो ८० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा. एक प्रश्न अडीच गुणांचा, चुकीमागे कपात ०.६२५. हा पेपर आता पात्रतेपुरता आहे: ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की झालं. इथले गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत, पण ६६ नसतील तर पहिल्या पेपरचे गुण कितीही असोत, उपयोग नाही. टक्केवारी काढता येणं इथे खऱ्या अर्थाने कामाचं आहे, कारण नियमच टक्क्यांत लिहिला आहे.

आपल्या मुलीने सी-सॅटमध्ये ४९ प्रश्न सोडवले. त्यांत ३१ बरोबर, १८ चूक.

३१ × २.५ = ७७.५
१८ × ०.६२५ = ११.२५

निव्वळ ६६.२५, म्हणजे ३३.१२५ टक्के. उंबरठा पार, अगदी पाव गुणाने. छोट्या रीतीने पाहा: १८ चुकांनी साडेचार उत्तरं खाल्ली, ३१ मधून साडेसव्वीस उरली, २६.५ ÷ ८० = ३३.१२५ टक्के.

आता समजा शेवटच्या मिनिटाला तिने आणखी एक गोल अंदाजाने काळा केला असता आणि तो चुकला असता. चुका १९. निव्वळ ६५.६२५, म्हणजे ३२.८१ टक्के. नापास. शाळेची सवय असलेला माणूस म्हणेल, ६५.६२५ म्हणजे जवळपास ६६च की. नाही. आयोगाची पद्धत अशी आहे की बेरीज अपूर्णांकात आली तर ती अपूर्णांकातच ठेवली जाते आणि पुढची सगळी कार्यवाही त्याच आकड्यावर होते. पूर्णांक करून वर ढकलत नाहीत. म्हणून घरी हिशेब करतानाही मधल्या पायरीवर आकडा पूर्ण करू नये, ०.६२५ ला ०.६ धरलं तर १९ चुकांत जवळजवळ अर्ध्या गुणाची फसवणूक होते आणि ६५.६२५ चे घरी ६६.१ दिसतात.

या पेपरात एक सवलत आहे. निर्णयक्षमतेचे जे थोडे प्रश्न असतात, त्यांच्या चुकीच्या उत्तराला कपात नाही. म्हणून सी-सॅटची चुकीची उत्तरं मोजताना एकच ढीग करून चालत नाही. एकोणिसावी चूक जर निर्णयक्षमतेच्या प्रश्नातली असती, तर ती हिशेबात शून्य धरली गेली असती आणि निव्वळ गुण ६६.२५ च राहिले असते. हे प्रश्न कोरे सोडण्यात कसलाही फायदा नाही. तरीही वेळ संपला म्हणून ते कोरे सोडून आलेली मुलं दरवर्षी भेटतात. पुस्तिकेच्या शेवटाकडे असतात, हेच त्याचं कारण.

५. अंदाज मारावा का?

हा प्रश्न अभ्यासिकेत चहाच्या वेळी सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर त्याच चौथ्या हिश्शात दडलेलं आहे.

चार पर्याय आहेत आणि काहीच येत नाही, असे १२ प्रश्न घ्या. डोळे मिटून गोल काळे केले तर सरासरी ३ बरोबर येतील, ९ चुकतील. ९ चुका सव्वादोन उत्तरं खातील. शिल्लक पाऊण उत्तर. कपात एक तृतीयांश असती तर ९ चुकांनी पूर्ण ३ उत्तरं खाल्ली असती आणि शिल्लक शून्य. चार पर्यायांच्या पेपरात एक तृतीयांश ही कपात मुळात याच हिशेबाने बसते: आंधळ्या अंदाजातून सरासरी काहीच मिळू नये. चौथ्या हिश्शात अंदाज मारणाऱ्याच्या बाजूने किंचित झुकतं माप राहतं.

किंचित म्हणजे किती, हे नीट समजून घ्या. सरासरी पाऊण उत्तर शिल्लक, ही गोष्ट खरी. पण तुम्ही परीक्षा सरासरीने देत नाही, एकदाच देता. बारापैकी दोनच बरोबर आले तर दहा चुका अडीच उत्तरं खातात आणि पदरचं अर्धं उत्तर जातं. दोन किंवा त्याहून कमी बरोबर येण्याची शक्यता ३९ टक्के आहे. म्हणजे आंधळा अंदाज मारणाऱ्या दहा मुलांपैकी साधारण चार मुलं स्वतःचे गुण घालवून घरी जातात. वर पाहिलेल्या मुलीसारखा, पाव गुणाने उंबरठ्यावर उभा असलेला पेपर असेल तर हा सौदा करू नये.

पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे ओळखता आलं तर चित्र पालटतं. बारा प्रश्नांत सरासरी ४ बरोबर, ८ चूक, ८ चुकांत दोन उत्तरं गेली, शिल्लक पूर्ण दोन. नुकसान होण्याची शक्यता ३९ वरून १८ टक्क्यांवर उतरते. दोन पर्याय कापता आले तर ६ बरोबर, ६ चूक, शिल्लक साडेचार. एवढी कमाई सोडून कोरा गोल ठेवणारा मुलगा सावध नसतो, तो भित्रेपणाची किंमत मोजत असतो.

आता या गणिताची मर्यादा. वरचे सगळे आकडे एका गृहीतावर उभे आहेत: तुम्ही कापलेला पर्याय खरोखरच चुकीचा होता. प्रश्न काढणारा माणूस हुशार असतो. अर्धवट वाचलेल्याला जो पर्याय हमखास बरोबर वाटेल असा एक पर्याय तो मुद्दाम ठेवतो, आणि खरं उत्तर अनोळखी शब्दांत लपवतो. अशा वेळी तुम्ही कापलेल्यांतच उत्तर असतं आणि तुमचा नेम आंधळ्या अंदाजापेक्षाही वाईट लागतो.

त्याचा उपाय स्वतःचा हिशेब ठेवणं एवढाच आहे. सराव पेपर सोडवताना, ज्या प्रश्नात अंदाज मारला त्याच्या क्रमांकाजवळ पुस्तिकेत फुली करावी. पेपर तपासताना त्या फुल्यांचे बरोबर-चूक वेगळे मोजावेत. चौथा हिस्सा कापणाऱ्या परीक्षेत फायद्या-तोट्याची रेषा पाचात एक इथे आहे: पाच अंदाजांत एक बरोबर, चार चूक, तर चार चुकांनी ते एक खाल्लं, हिशेब शून्य. पाचांत एकापेक्षा जास्त बरोबर येत असतील तर अंदाज कमाई करतो आहे. एक तृतीयांश कापणाऱ्या परीक्षेत ती रेषा चारात एक आहे. या मुलीने मागच्या सहा सराव पेपरांतल्या फुल्या मोजल्या तेव्हा ९० पैकी ३३ बरोबर निघाल्या. ५७ चुकांनी सव्वाचौदा उत्तरं खाल्ली, तरी पावणेएकोणीस उरली. पेपरमागे तीनहून थोडी जास्त. इतिहासात तिचे अंदाज चांगले लागत होते, अर्थशास्त्रात मात्र २० पैकी ३. अर्थशास्त्रात तिने आता अंदाज बंद केला आहे.

६. एक्कावन्न म्हणजे कमी का?

भावाचा शेवटचा प्रश्न हा होता, आणि त्यात बापाची काळजी होती. दहावीत ८८ टक्के घेतलेली मुलगी ५१ वर आली म्हणजे मागे पडली का?

नाही. नकारात्मक गुणदानाचे टक्के दहावीच्या टक्क्यांशेजारी ठेवताच येत नाहीत. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत खुल्या प्रवर्गाचा कटऑफ २०० पैकी ७५.४१ होता. टक्के काढा, ३८ सुद्धा भरत नाहीत. तेवढ्यावर मुलं मुख्य परीक्षेला गेली. पेपर अवघड असतो, चुका गुण खातात आणि जागा मोजक्या असतात. कटऑफ या तिन्हींतून ठरतो.

अकोल्यात नीटच्या शिकवण्यांना बाहेरगावाहून मुलं येतात आणि तिथले पालक आणखी एका शब्दात अडकतात, तो म्हणजे पर्सेंटाइल. टक्के सांगतात की पेपरच्या गुणांपैकी तुम्ही किती मिळवले. पर्सेंटाइल सांगतो की परीक्षेला बसलेल्या शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत. २०२५ च्या नीटमध्ये खुल्या प्रवर्गाला पात्रतेसाठी ५० पर्सेंटाइल हवा होता आणि त्याचे गुण निघाले ७२० पैकी १४४, म्हणजे बरोबर २० टक्के. ५० पर्सेंटाइल आणि ५० टक्के यांत त्या वर्षी २१६ गुणांचं अंतर होतं.

जिथे अनेक सत्रांतले गुण समान पातळीवर आणले जातात, म्हणजे ज्याला सामान्यीकरण म्हणतात, तिथे तर टक्के काढूच नयेत. २०२३ च्या तलाठी भरतीत नकारात्मक गुण नव्हते, पेपर २०० गुणांचा होता, आणि सामान्यीकरणानंतर काही उमेदवारांचे गुण दोनशेच्या वर गेले. अशा आकड्याला २०० ने भागून शंभरावर टक्के काढण्यात काही अर्थ नाही. तो आकडा पेपरातला राहिलेलाच नसतो.

भावाला मी एवढंच सांगितलं: सी-सॅटचे टक्के बघ, कारण तिथे ३३ ची अट टक्क्यांतच आहे. पहिल्या पेपरचे मात्र टक्के काढत बसू नको. तिचे निव्वळ १०२ गुण एका कागदावर लिहून ठेव आणि कटऑफ लागला की तो आकडा त्याच्या शेजारी लिही.